बाईंनी कापलेले तीन गुण

स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या आमच्या मराठीच्या बाई. प्रार्थना, मेस, रविवारचं धुणं यांवर बाकीच्या लिहितीलच.

माझ्या खोलीत तेर गावची एक मुलगी होती. वसतिगृहात आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो, म्हणून ती सगळ्यांची 'तेर'. सारांशलेखनात तिचा हात धरणारी वर्गात कोणी नव्हती. उदाहरणं गाळायची, नावं गाळायची, विशेषणं गाळायची, उतारा एक तृतीयांशावर आणायचा. हे सगळं ती झरझर करी.

नववीच्या सहामाहीला संस्थानांच्या विलीनीकरणावर उतारा आला. त्यात वाक्य होतं : '१५ ऑगस्ट १९४७ पर्यंत हैदराबाद, जुनागढ व काश्मीर वगळता भारताच्या हद्दीतील बहुतेक संस्थाने सामील झाली.' पुढं सप्टेंबर १९४८ मधल्या हैदराबादच्या पोलीस कारवाईची हकिकत होती. तेरनं लिहिलं, '१५ ऑगस्ट १९४७ पर्यंत संस्थाने भारतात सामील झाली.' तीन नावं तिनं उदाहरणं समजून उडवली, त्यांच्यासोबत 'वगळता'ही गेलं. पाचातले दोनच गुण पडले. शब्दसंख्या बरोबर, शुद्धलेखन चोख, म्हणून ती तणतणत बाईंकडे गेली. मी मागोमाग.

बाईंनी तिलाच तिचा सारांश मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हणाल्या, "अगं, सगळी संस्थानं आली होती, तर पुढच्याच ओळीत हैदराबादवर कारवाई कशाची? आणि आपण सतरा सप्टेंबरला झेंडा कशाला लावतो गं?"

तेर गप्प. मराठवाड्याची पोर, आणि मराठवाडाच गाळून आली!

मग बाईंनी समजावलं. उदाहरण काढलं तरी विधान खरंच राहतं. अपवाद काढला की तेच विधान खोटं पडतं. म्हणून गाळण्याआधी उताऱ्यातल्या 'वगळता', 'खेरीज', 'मात्र', 'फक्त' यांखाली रेघ ओढायची. जागा कमी असेल तर नावं खुशाल जाऊ द्यावीत, पण 'तीन संस्थाने सोडून' एवढं राहिलंच पाहिजे. शेवटी आपला सारांश मूळ उतारा झाकून वाचायचा. एक वाक्य दुसऱ्याशी भांडायला लागलं, की काहीतरी पडलंय समजावं. अर्थात अपवादाचा धागा उताऱ्यात पुढं आलाच नाही, तर असं भांडण दिसत नाही. तिथं ती रेघच कामाला येते.

गुण मात्र बाईंनी वाढवले नाहीत. तेर दोन दिवस जेवली नीट नाही.

आज मी एका कार्यालयात शासन निर्णयांचे गोषवारे करते. कलमाखाली 'परंतु' दिसला की पेन आपोआप खाली रेघ ओढतं. हाताखालची नवी मुलं पानभर मजकुराच्या चार ओळी चटकन करून आणतात. अटी मूळ कागदातच राहिलेल्या असतात. त्यांना उभं करून मोठ्यानं वाचायला लावते, तेव्हा ती माझ्यावर चिडतात. चिडोत बापडी. बाईंवर आम्हीही चिडायचो.