मृग कोरडा गेला तर पुढे भरून निघते का? मासिक पावसाच्या आलेखांचा माझा अनुभव

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि घरी कोरडवाहू कपाशी व तूर असते. मी सांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या १९९१ ते २०२० या काळातील मासिक बेरजा, म्हणजे ३६० आकडे, घेऊन बसलो होतो, तेव्हा काकांनी विचारले, "मृग कोरडा गेला तं पुढं भरून निघते काय?" अ‍ॅरिमा हे कालमालिकेचे प्रतिमान ओळखण्याच्या पद्धतीत या प्रश्नाला नेमकी जागा आहे: एका महिन्याची तूट पुढच्या महिन्यात भरून निघत असेल, तर लॅग १ चा स्वसहसंबंध, म्हणजे मालिकेचा एक महिना मागे सरकवलेल्या स्वतःशीच असलेला सहसंबंध, ऋण यायला हवा.

मूळ मालिकेच्या स्वसहसंबंधाच्या आलेखात मात्र ऋतुचक्राखेरीज काहीच दिसत नव्हते. लॅग १२, २४, ३६ वर उंच धन रेषा, ६ आणि १८ वर खोल ऋण रेषा आणि ही लाट जवळजवळ न ओसरता पुढे चाललेली. जुलै-ऑगस्टचा धो धो पाऊस आणि उन्हाळ्यातील कोरडे महिने यांचाच तो ठसा होता, त्यामुळे प्रत्येक महिन्यातून मागच्या वर्षीचा तोच महिना वजा करून मी R मध्ये हंगामी फरक घेतला.

```r
p <- ts(paus$mm, start = c(1991, 1), frequency = 12)
d12 <- diff(p, lag = 12)
acf(d12, lag.max = 48)
pacf(d12, lag.max = 48)
```

नवे आलेख पाहून मला फार आनंद झाला. स्वसहसंबंधाच्या आलेखात आडव्या अक्षावरील 1 या आकड्यापाशी साधारण −०.५ ची एकच खोल रेषा होती आणि नंतर काही नाही. आंशिक स्वसहसंबंधाच्या आलेखात 1, 2, 3 या आकड्यांपाशी अनुक्रमे −१/२, −१/३, −१/४ च्या आसपास, हळूहळू लहान होत जाणाऱ्या रेषा होत्या. पहिला आलेख एका रेषेनंतर तुटतो आणि दुसरा ओसरत जातो, ही एमए(१) ची, म्हणजे फक्त मागच्या एका पायरीच्या धक्क्याचा परिणाम धरणाऱ्या प्रतिमानाची, ओळख आहे. तूट पुढच्या महिन्यात भरून निघते, असे काकांना सांगायला मी निघालोच होतो.

मला थांबवले ते गुणकाने. `d12` वर `order = c(0,0,1)` देऊन प्रतिमान बसवले, तेव्हा `ma1` हा गुणक शून्याच्या इतका जवळ आला की त्याची प्रमाण त्रुटी त्याच्याहून मोठी होती, आणि अवशेषांच्या आलेखात ती खोल रेषा होती तिथेच राहिली. मग मी आलेख पुन्हा नीट पाहिला. 0 आणि 1 यांच्यामध्ये अकरा लहान रेषा होत्या, ज्यांच्याकडे मी लक्षच दिले नव्हते. `frequency = 12` दिलेल्या मालिकेसाठी `acf` हा अक्ष महिन्यांत नव्हे, वर्षांत आखतो. मी ज्याला लॅग १ समजत होतो तो लॅग १२ होता. खरा लॅग १ 0.083 पाशी होता आणि तिथली रेषा ±०.१०५ च्या मर्यादेच्या पुष्कळ आत होती.

तेव्हा मूळ `p` साठी योग्य प्रतिमान `order = c(0,0,0)`, `seasonal = c(0,1,1)` असे ठरले आणि `sma1` −१ च्या अगदी जवळ आला. या निकालावर मी बराच काळ विचार केला, कारण तो पावसापेक्षा माझ्या कृतीबद्दल अधिक सांगत होता. प्रत्येक महिन्याचा पाऊस म्हणजे त्या महिन्याची सरासरी अधिक स्वतंत्र चढउतार असे मानले, तर हंगामी फरकात सरासरी निघून जाते आणि यंदाचा चढउतार वजा गेल्या वर्षीचा चढउतार एवढेच उरते. त्याचे प्रसरण दुप्पट होते, बारा महिन्यांच्या अंतरावरील सहप्रसरण ऋण एकपट येते, आणि गुणोत्तर बरोबर −१/२. ती खोल रेषा वजाबाकीने निर्माण केली होती.

म्हणून मागच्या वर्षाची वजाबाकी सोडून मी प्रत्येक महिन्यातून त्या महिन्याची ३० वर्षांची सरासरी वजा केली आणि त्या महिन्याच्या प्रमाण विचलनाने भागले. असे भागले नाही तर जुलै-ऑगस्टचे मोठे चढउतारच सगळा आलेख व्यापतात. आता ३६ रेषांपैकी एकच, लॅग १७ ची, मर्यादेच्या किंचित बाहेर होती. ९५ टक्क्यांच्या मर्यादेत वीसपैकी एक रेषा निव्वळ योगायोगाने बाहेर जाऊ शकते आणि सतरा महिन्यांच्या अंतराला पावसात काही कारण सापडत नाही, म्हणून तिच्यासाठी मी कोणतेही पद जोडले नाही.

तरीही काकांचा प्रश्न सर्व बारा महिन्यांचा नव्हता, जून आणि जुलैचा होता, आणि लॅग १ ची रेषा फेब्रुवारी-मार्चच्या जोड्याही त्यातच मिसळते. म्हणून जून-जुलैच्या ३० जोड्या मी वेगळ्या काढल्या. ३० जोड्यांसाठी मर्यादा ±०.३६ इतकी रुंद होते. माझा सहसंबंध तिच्या आत होता, त्यामुळे लहानसा संबंध असलाच तर तो एवढ्या नोंदींतून दिसणार नाही. आलेखाच्या कागदावर ते ३० ठिपके काढून मी काकांना दाखवले आणि सांगितले की कोरड्या जूननंतरचे जुलै वरही आहेत आणि खालीही.