आमची वाटचाल : समोरासमोरची मुलाखत

जळगावातील आमचा छोटा व्हिडिओ स्टुडिओ लग्नसमारंभांच्या चित्रीकरणावर उभा राहिला. पुढे केळीची रोपे तयार करणाऱ्या नर्सऱ्या, शाळा आणि पतसंस्था यांच्याकडून मुलाखतींची कामे येऊ लागली. लग्नाच्या चित्रफितीत मूळ आवाजावर गाणे चढवता येते, मुलाखतीत मात्र ग्राहक बोलण्याचेच पैसे देतो. म्हणून या कामासाठी आम्ही पहिली मोठी खरेदी केली ती नव्या कॅमेऱ्याची नव्हे, तर दोन कॉलर माईक आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर नोंदवणाऱ्या रेकॉर्डरची. आजही तोच निर्णय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

आमची पद्धत रावेर तालुक्यातील एका कामावरून सांगतो. केळी पिकवणारे एक वयस्कर शेतकरी, ज्यांना सारे गाव नाना म्हणते, आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्या कृषी पदवीधर ताई यांची मुलाखत घराच्या ओसरीत घ्यायची होती. खुर्च्या आम्ही समोरासमोर मांडल्या आणि दोघांच्या चेहऱ्यांत सुमारे दीड मीटर अंतर ठेवले. दोघांच्या नाकांना जोडणारी एक रेषा मनात धरावी आणि दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवावेत. एक जरी पलीकडे गेला, तरी संकलनात दोघेही एकाच दिशेला पाहत आहेत असे दिसते आणि संवाद तुटतो. आम्ही अंगणाची बाजू निवडली, त्यामुळे पाठीमागे उन्हाने उजळलेले अंगण न येता घराची भिंत आली आणि चेहरे काळवंडले नाहीत.

नानांचा कॅमेरा ताईंच्या खांद्याला जवळजवळ लागून उभा केला आणि ताईंचा नानांच्या खांद्याजवळ. कॅमेरा रेषेपासून जितका दूर जाईल, तितका चेहरा एका बाजूने दिसू लागतो. चौकटीत माणसाचा एकच डोळा आणि पूर्ण कान दिसू लागला, की कॅमेरा रेषेकडे आणायचा हे ओळखावे. नाना उंच होते, त्यामुळे ताईंच्या खुर्चीत घडी केलेली गोधडी घालून दोघांचे डोळे एका पातळीत आणले आणि लेन्सही त्याच उंचीवर ठेवल्या. नाहीतर एक जण सतत खाली आणि दुसरा वर पाहतो, आणि प्रश्न विचारणारी व्यक्ती उगाच लहान किंवा वरचढ भासते. दोन्ही लेन्सची फोकल लांबी आणि अंतर सारखे ठेवले, म्हणजे डोक्यांचा आकार जुळला. ज्याची नजर जिकडे, तिकडे चौकटीत मोकळी जागा सोडली. मग एवढेच सांगितले, “नाना, कॅमेऱ्याकडे पाहू नका, ताईंशीच बोला.”

आवाजाचे काम याहून नाजूक असते, कारण चौकट नंतर थोडी कापून सुधारता येते, दूषित आवाज क्वचितच पूर्ण सुधारतो. माईक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावावा. नानांच्या माईकपासून ताईंचे तोंड त्याच्या सात-आठ पट दूर राहते, त्यामुळे त्यांचा आवाज तिथे सुमारे १७ डेसिबल कमी पोचतो. तरीही दोन्ही ट्रॅक सारखेच उघडे ठेवले, तर तोच आवाज दुसऱ्या माईकवर काही मिलिसेकंद उशिरा आल्याने बोलणे पोकळ, डब्यातून आल्यासारखे ऐकू येते. म्हणून संकलनात जो बोलत नाही त्याचा ट्रॅक खाली आणतो, मात्र पूर्ण बंद करत नाही, कारण मग ओसरीची पार्श्वभूमीच मधूनमधून गायब होते. त्यासाठी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाजही नोंदवून ठेवतो.

खान्देशच्या उन्हाळ्यात खरी अडचण पंख्याची आणि कूलरची असते. कूलरची घरघर दोन्ही माईकवर येते आणि पंख्याचा वारा माईकवर फडफडतो. दोन्ही बंद करून वयस्कर माणसाला तासभर बसवणे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून सकाळी लवकर सुरुवात करतो, पंधरा-वीस मिनिटांचे टप्पे पाडतो आणि मध्ये पंखा लावून पाणी देतो. नानांचे खांद्यावरचे उपरणे माईकवर घासत होते. हे पाहून कळत नाही, हेडफोन लावून ऐकले तरच कळते. उपरणे मागे सारले आणि माईकची वायर कपड्याच्या आत चिकटपट्टीने बसवली. पातळी अशी ठेवली, की मोठ्याने बोलतानाही आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. नाना हसले की आवाज एकदम चढतो, त्यासाठी ती मोकळीक लागते.

यामुळेच आता मुलाखतीच्या प्रत्येक कामावर केवळ ऐकत बसणारा एक माणूस असतो आणि दरपत्रकात त्याचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. काही ग्राहक तो कमी करायला सांगतात. तेव्हा एक कॅमेरा कमी करण्याचा पर्याय आम्ही देतो. माणूस मात्र राहतो.