पावसाळ्यात कंपोस्टची बादली का वासायला लागली

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाल्कनीचं दार उघडलं की गटारासारखा भपकारा यायला लागला. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "अगं, उंदीर वगैरे मेलाय का कुठे?" मला फार ओशाळल्यासारखं झालं. रंगाच्या २० लिटरच्या बादलीला भोकं पाडून मी एप्रिलपासून खत करत होते आणि उन्हाळाभर कधी वास आला नव्हता.

ओलं जास्त झालं असेल म्हणून मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वाढवत गेले. वास हटेना. शेवटी एका रविवारी जुने पेपर अंथरून बादली उपडी केली. वरचा वीतभर थर चांगला होता, पण खाली काळा, चिकट लगदा. त्यात आमटीतल्या भाताचे गोळे तसेच होते आणि तळाची भोकं बुजलेली. मूठभर घेऊन पिळलं तर बोटांतून पाणी ओघळलं. खरं तर एखाद-दोन थेंबच यायला हवेत.

तेव्हा चूक लक्षात आली. कोकोपीट पाणी धरून ठेवतं. उन्हाळ्यात ओल उडून जायची, तेव्हा तेच कामाला आलं. पावसाळ्यात मात्र ओल जाईना, आणि कोकोपीट बारीक असल्याने भिजून दबलं. मधे पोकळीच उरली नाही. हवा मिळाली नाही की कचरा कुजवणारे जीवाणू बदलतात, आणि घाण वास येतो तो त्यांच्यामुळे.

सोसायटीच्या माळीदादांकडून पोतंभर वाळलेली पानं आणली. तळाला बोटभर जाडीच्या काटक्या आडव्यातिडव्या घातल्या, भोकं मोकळी केली, बाजूलाही नवी पाडली, बादली दोन विटांवर चढवली. लगदा हाताने फोडून जवळजवळ तेवढीच पानं त्यात मिसळली. आठवडाभर नवीन काही टाकलं नाही, फक्त एक दिवसाआड खालवर केलं. चौथ्या दिवशी वास निम्म्यावर आला, मधे हात घातला तर कोमट लागलं. आठवड्याने नुसता ओल्या मातीचा वास उरला.

आता एक वाटी ओला कचरा असेल तर दीड वाटी चुरलेली पानं घालते. उरलेला भात, आमटी आधी गाळणीत निथळते. मेथीच्या दोन जुड्यांच्या दांड्या एकदम टाकल्या तेव्हा एकदा नाकाला झोंबणारा, नवसागरासारखा वास आला होता. ते नत्र जास्त झाल्याचं लक्षण. फाडलेला पुठ्ठा मिसळल्यावर दोन दिवसांत गेलं.

अडचण एकच, पावसात कोरडी पानं मिळत नाहीत. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये देशी बदामाची पानं गळतात तेव्हाच दोन पोती भरून जिन्याखाली ठेवते.