अर्धांगिनी ते द्वारा

इंदूरच्या हिंदी पेपरात कोणाचंही नाव छापून आलं, की मध्ये 'पिता' येतो. 'अनिरुद्ध पिता माधव काळे, निवासी सुदामा नगर'. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, बापलेक दोघांनी मिळून काहीतरी केलं असावं. तसं नसतं. तो 'पिता' म्हणजे इथला सन ऑफ, एस/ओ. आम्हा मराठी लोकांची मात्र यात पंचाईत होते, कारण आमचे वडील नावातच बसलेले असतात. अनिरुद्ध माधव काळे म्हटलं की माधव कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या फॉर्मवर मात्र 'नाम' आणि 'पिता/पति का नाम' असे दोन वेगळे रकाने. म्हणजे आमचे वडील, आप्पा, एकदा नावात येतात आणि खालच्या ओळीत पुन्हा हजर.

या एस/ओचं खटलं तसं मोठं आहे. मुलीसाठी डॉटर ऑफ म्हणजे डी/ओ, बायकोसाठी वाइफ ऑफ म्हणजे डब्ल्यू/ओ. कोर्टाच्या शपथपत्रात त्यांच्याच पंक्तीला आर/ओ असतो. तो नात्यातला नव्हे, रेसिडेंट ऑफ, म्हणजे राहणार अमुक ठिकाणी. ड्रायव्हिंग लायसन्सवाल्यांनी तर कटकटच मिटवली. त्यांच्याकडे एस/डी/डब्ल्यू ऑफ असं एकगठ्ठा छापलेलं असतं, त्यातलं आपण कोण ते आपलं आपण समजून घ्यायचं. आपल्या जुन्या मोडी कागदांत हेच काम 'बिन' आणि 'कोम' करत. अमका बिन तमका, अमकी कोम तमका. तिरकी रेघ नंतर आली, विचारणा जुनीच आहे.

मृणालवहिनी पुण्याच्या जोश्यांकडची. लग्न होऊन इंदूरला आली आणि इथेच तिचं आधार निघालं. आधारवर एकदा इंग्रजीत आणि एकदा स्थानिक भाषेत छापतात. मध्य प्रदेशात स्थानिक म्हणजे हिंदी. इंग्रजीत डब्ल्यू/ओ अनिरुद्ध काळे, आणि हिंदीत छापून आलं 'अर्धांगिनी'. दादाचं 'आत्मज', माझं 'आत्मजा'. घरात त्या दिवशी काय हसलो! एरवी वीजबिलावरून भांडणारी ही जोडी सरकारदरबारी मात्र थेट पुराणातली. आप्पांनी तर बरेच दिवस वहिनीला हाक मारताना 'अहो अर्धांगिनी, चहा झाला का' असं चालवलं होतं, आणि ती 'सासऱ्यांनी असं म्हणायचं नसतं' म्हणून चिडायची.

पुढे दादा-वहिनींनी थोडं पलीकडे फ्लॅट घेतला. वहिनीनं आधारचा पत्ता ऑनलाइन बदलला, रजिस्ट्रीचा कागद जोडला, काही दिवसांनी नवं आधार उतरवून घेतलं. पाहते तर अर्धांगिनी गायब. त्या जागी इंग्रजीत सी/ओ म्हणजे केअर ऑफ, आणि हिंदीत 'द्वारा'. नाव दादाचंच, पण नातं पुसलेलं. तिला जरा लागलंच. 'म्हणजे मी आता ह्यांच्या पत्त्यावर राहणारी कोणीतरी?' असं ती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर आधारच्या दृष्टीनं अगदी तसंच आहे.

केअर ऑफ हा मूळचा टपालाचा शब्द. पत्र ज्याचं आहे त्याचं नाव वर, ज्याच्या घरी पोचवायचं त्याचं नाव खाली. शिकायला मामाकडे राहिलेल्या मुलाचं पत्र मामाच्या केअर ऑफ येई, आणि मुलगा मामाचा कोण लागतो याच्याशी पोस्टमनला काही कर्तव्य नसे. आधारमध्येही आता ती ओळख नावाची राहिली नाही, पत्त्याची झाली. घर नंबर, गल्ली, खूण यांच्या आधी ती ओळ बसते. तिथे नवरा, बाप, सासू, घरमालक, कोणाचंही नाव घालता येतं आणि नाही घातलं तरी चालतं. आधार देणारं प्राधिकरण या ओळीतल्या नात्याची खातरजमा करत नाही, त्यामुळे त्यानं नात्याची ग्वाहीही देऊ नये, हे मला पटतं. पूर्वीच्या कार्डांवर एस/ओ नि डब्ल्यू/ओ छापलेले होते म्हणून लोकांनी त्यांना पुरावा मानलं.

लोकांनी मानलं म्हणजे बँकांनीही मानलं. वहिनी एका बँकेत दादाच्या खात्यात नाव जोडायला गेली, तर काउंटरवरच्या बाई आधार उलटंपालटं करून म्हणाल्या, 'मॅडम, इसमें पति कहाँ लिखा है?' वहिनीनं सी/ओवर बोट ठेवलं. 'ये तो केअर ऑफ है. पति नहीं है.' मग वहिनीनं जुनं, अर्धांगिनीवालं कार्ड काढून दाखवलं, तर त्यावर जुना पत्ता! एका कार्डावर नवरा होता, दुसऱ्यावर घर होतं, दोन्ही एकत्र कुठेच नाही. शेवटी कामी आलं ते नगर निगमचं विवाह प्रमाणपत्र. नातं सिद्ध करायचा कागद खरा तोच, आणि मुलाच्या बाबतीत जन्मदाखला. काउंटरवरच्या बाई अडून बसल्या म्हणून त्यांचा राग आला खरा, पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

त्याच फाइलमध्ये वहिनीचं पॅनकार्ड होतं, आणि बाईंचा पुढचा प्रश्न त्यावरच आला. 'इसमें तो पिताजी का नाम है.' असणारच. पॅन म्हणजे पर्मनंट अकाउंट नंबर, कायमचा खाते क्रमांक. त्याच्या अर्जात बाईचं लग्न झालेलं असलं तरी वडिलांचंच नाव मागतात, नवऱ्याचं चालत नाही. कार्डावर वडिलांऐवजी आईचं नाव छापून मागता येतं, आणि एकट्या आईनं वाढवलेल्या मुलांना डिसेंबर 2018पासून वडिलांचं नाव देण्याची सक्तीही उरलेली नाही. नवऱ्याला मात्र त्या कार्डावर जागाच नाही. आधारवर वहिनी दादाच्या दारात आणि पॅनवर पुण्याच्या जोशीकाकांची लेक.

आणि गंमत नंबरातच दडलेली आहे. समजा तिचा नंबर ABCPJ1234K असा आहे. पहिली तीन अक्षरं नुसती ओळीनं येणारी, त्यांचा आपल्याशी संबंध नाही. चौथं अक्षर खातं कोणाचं ते सांगतं. पी म्हणजे पर्सन, एकटा माणूस. सी म्हणजे कंपनी, टी म्हणजे ट्रस्ट. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. मग चार आकडे, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं, आधीच्या नऊंवरून काढलेलं. वहिनीनं पॅन काढलं तेव्हा ती जोशी होती म्हणून पाचवं अक्षर जे. लग्नानंतर तिनं कार्डावर मृणाल काळे करून घेतलं, नवं कार्ड आलं, पण नंबर तोच. एका माणसाला जन्मभर एकच पॅन, आडनाव बदललं तरी. त्यामुळे नाव काळे आणि नंबरात जोशी. हे कळल्यावर मात्र वहिनी खूश झाली. 'अर्धांगिनी गेली तर गेली, माहेर तरी कायमचं राहिलं,' असं म्हणाली.

आप्पांकडे तर दोन पॅन आहेत, आणि दोन्ही कायदेशीर. एक त्यांचं स्वतःचं, चौथं अक्षर पी, पाचवं काळ्यांचं के. दुसरं एकत्र कुटुंबाचं, म्हणजे एचयूएफचं, वडिलोपार्जित वाड्याच्या भाड्यासाठी काढलेलं. त्यात चौथं अक्षर एच, हिंदू अविभक्त कुटुंबाचा. आणि पाचवं एम! कुटुंबाला आडनाव नसतं, खात्याचं जे पूर्ण नाव त्याचंच पहिलं अक्षर घेतात, आणि खात्याचं नाव 'माधव काळे एचयूएफ' असं आहे. म्हणजे एकटे आप्पा काळे, आणि सगळे मिळून माधव.

खरी अडचण आली ती दादाची. पॅन आधारला जोडायची वेळ आली, तेव्हा पोर्टल काही केल्या घेईना. नाव, जन्मतारीख आणि लिंग, एवढ्याच तीन गोष्टी तिथे पडताळतात. वडिलांचं नाव तपासतच नाहीत, पण दादाच्या बाबतीत वडीलच आडवे आले. आधारवर तो 'अनिरुद्ध काळे', खाली एस/ओ माधव काळे. पॅनचा फॉर्म कियोस्कवाल्यानं भरलेला. आडनाव, नाव, मधलं नाव असे तीन रकाने पाहून त्यानं 'माधव' नाव म्हणून टाकलं आणि 'अनिरुद्ध' मधलं. झालं, पॅनवर दादा 'माधव अनिरुद्ध काळे'. आडनाव बरोबर म्हणून पाचवं अक्षर के बरोबर, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आधारचं नाव बदलून पाहू असं दादाच्या मनात होतं. मी त्याला अडवलं, कारण आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, आणि शिवाय ते बरोबरच होतं. दुरुस्ती पॅनची केली. मोफत जोडणीची 31 मार्च 2022ची मुदत टळलेली असल्यानं जोडणीसाठी हजार रुपये दंडही भरला. ते हजार आप्पांच्या नावावर लिहावेत, असं दादाचं म्हणणं.

पत्त्यातला एक आकडा मात्र आम्हा इंदूरकरांना लाडका आहे, तो म्हणजे पिन, पोस्टल इंडेक्स नंबर. 15 ऑगस्ट 1972ला तो सुरू झाला, आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. इंदूरचा 452, पुण्याचा 411, मुंबईचा 400. राज्यं वेगळी, पण पहिला आकडा सगळ्यांचा चार, कारण टपाल खात्याच्या विभागणीत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र एकाच पट्ट्यात. वहिनीला माहेरची आठवण आली की आप्पा तिला सांगतात, अगं पोस्टाच्या हिशोबी तू अजून तिथेच आहेस.

परवा पुतण्यानं पुण्याला खोली घेतली आणि आधारचा पत्ता बदलायला बसला. सी/ओमध्ये काय लिहू, म्हणून फोन. वहिनी म्हणाली बाबांचं लिही, आप्पा म्हणाले माझं लिही, मोठा मी आहे. मी विचारलं, 'खाली दारावर पाटी कोणाची आहे?' तो म्हणाला, घरमालक कुलकर्णीकाकांची. मग तेच लिही म्हटलं, पोस्टमन पाटी वाचतो. आप्पा चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.