हेडसरांच्या भाषणाचा दुसरा भाग

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर मागच्या हायस्कुलातला कर्णा सुरू झाला. आधी ‘हॅलो, हॅलो’, मग कान किटवणारी शिट्टी, मग नाडगीत, ईशस्तवन, स्वागतगीत. फेब्रुवारी संपत आला की हे ठरलेलंच. दहावीचा सेंडऑफ. झोप तर गेलीच होती; उठून चहा टाकला आणि हेडसर कधी बोलतात याची वाट बघत बसलो. बेळगावात कुणाला कुस्तीचा शौक असतो, कुणाला भजनाचा. मला या भाषणाचा आहे. आमंत्रण नसतानाही ऐकतो.

या भाषणाचे दोन भाग असतात. पहिला भाग व्यासपीठाचा. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी विद्यार्थी, पंखा दिलेले, पाण्याची टाकी दिलेले, सगळ्यांची नावं. त्यातलं एखादं राहून जातं. मग भाषण घरट्यातल्या पाखरांपर्यंत पोचलेलं असताना शिपाईमामा मागून चिठ्ठी आणून देतात आणि हेडसरांना पाखरं तशीच हवेत सोडून ‘तसंच आज आपल्यात आवर्जून उपस्थित असलेले’ म्हणत मागं यावं लागतं. टाकीवाल्यांचं नाव राहिलं तर पुढच्या वर्षी दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत, हे हेडसरांना पाखरांपेक्षा जास्त कळतं.

पाखरं मात्र कुठल्याच वर्षी चुकत नाहीत. पंख फुटले, घरटं सोडलं, आकाश मोकळं आहे. इथं पुढच्या रांगेतल्या मुली रडायला लागतात. मुलं रडत नाहीत. ती बाहेर व्हरांड्यात झाकून ठेवलेल्या उप्पीट-शिऱ्याच्या पातेल्यांकडं बघत असतात.

मग हेडसर खिशातून घडी घातलेला कागद काढतात, चष्मा लावतात आणि आवाज एकदम वर्गातला होतो. ‘आता नीट ऐका रे.’ इथून दुसरा भाग. मी चहाचा कप खाली ठेवतो तो इथं.

आमच्या वेळचे हेडसर पहिला भाग चार वाक्यांत उरकायचे. उचगाव-कुद्रेमनी पट्ट्यातलं आमचं गाव; दहावीचं केंद्र बेळगावात, टिळकवाडीत. वर्गातली निम्मी पोरं बेळगावला फक्त आईबापाच्या हाताला धरून, बाजाराला किंवा दवाखान्याला गेलेली. त्यामुळं हेडसरांच्या कागदावर आकाशबिकाश काही नव्हतं, प्रवास होता. ‘आठची गाडी धरायची नाही. आठची गाडी कधी येते, कधी येत नाही. सातची धरायची. सीबीटी बसस्टँडला उतरायचं. तिथनं पुढं चालत. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आलासा की गेट पडलेलं असणार, हे धरूनच चालायचं. एक गाडी गेली म्हणून गेट लगेच उघडत नाही, कधी समोरनं दुसरी येत असते. वाकून खालनं जायचं नाही. पेपर बुडला तर परत देता येतो.’ एवढं बोलून ते थांबायचे. काय परत देता येत नाही ते सांगायचे नाहीत. आम्हाला कळायचं.

पुढं चपलांचा मुद्दा. नवीन चप्पल घालून जायचं नाही, चावते, आणि तीन तास चावलेल्या पायाकडं लक्ष जातं. नवीन पेनही न्यायचं नाही. आठवडाभर आधी घ्यायचं आणि निदान वीस पानं लिहून ते आपल्या हाताचं करायचं. मामानं परीक्षेसाठी म्हणून मुद्दाम भेट दिलेलं सोनेरी टोपणाचं पेन घरी देवापुढं ठेवायचं, पूजा करायची आणि जुनं पेन घेऊन निघायचं. मामाला वाईट वाटत नाही. हेडसरांनी मामाचासुद्धा विचार केलेला असायचा, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

आता केंद्र जवळ आलं, घराघरात दुचाकी आली, पण दुसरा भाग काही आटला नाही. त्यातले मुद्दे बदलले. परवाच्या भाषणात सर्वांत जास्त वेळ गेला तो नावावर. हॉल तिकीट हातात आल्या-आल्या पहिलं काय बघायचं? केंद्र नव्हे, नाव. आपलं, वडिलांचं, आईचं आणि जन्मतारीख. कारण हेच पुढं मार्क्स कार्डावर येतं आणि एसएसएलसीचं मार्क्स कार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मभर दाखवावं लागतं. पासपोर्ट काढताना, नोकरी लागताना, सगळीकडं ‘टेन्थचं मार्क्स कार्ड आणा’.

आणि आमच्याकडं नावाची भानगड साधी नसते. घरी परशराम म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर परशराम आहे. आधार काढताना समोरच्यानं शहाणपणानं परशुराम टाइप केलं. इंग्रजीत एका कागदावर मध्ये ‘यू’ आहे, दुसऱ्यावर नाही. कन्नड लिपीतल्या रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी. एका कागदावर आडनाव शेवटी, दुसऱ्यावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर पुढं. हेडसर म्हणाले, ‘परशराम असू दे नाहीतर परशुराम, देव एकच हाय. पण पासपोर्ट हापिसात दोन माणसं होतात.’ हशा पिकला. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. बोर्डाकडं नावांची यादी जाते, तिची प्रत तपासायला शाळेत येते, तेव्हा दुरुस्ती शाळेच्या पातळीवर होऊन जाते. मार्क्स कार्ड छापून आल्यावर तीच एका अक्षराची चूक अर्ज, फी, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे मागते. म्हणून कार्यक्रम संपल्यावर उप्पीट खायच्या आधी प्रत्येकानं क्लार्कच्या टेबलाशी यायचं, यादीत आपलं नाव बघायचं, सही करायची आणि मगच प्लेट घ्यायची. टाळ्या कमी पडल्या. पातेली झाकलेली होती ना.

मग मार्कांचा हिशेब. हा मला विशेष आवडला, कारण मराठी शाळेतला हेडमास्तरच तो असा मांडू शकतो. एसएसएलसी एकूण ६२५ गुणांची. पाच विषय शंभराचे आणि पहिली भाषा एकटी १२५ ची. आपली पहिली भाषा मराठी. ‘आणि तुम्ही काय करता? गणित, गणित, गणित. मराठी काय, घरचीच हाय म्हणून वाचतच नाही.’ त्यातले पंचवीस गुण अंतर्गत, शाळेच्या हातातले. उरलेले शंभर लेखी. सव्वासहा गुणांना एक टक्का. दोन पोरं धरा, बाकी विषयांत अगदी सारखी. एकानं मराठीत ११० घेतले, दुसऱ्यानं निबंध अर्धा सोडून, व्याकरण अंदाजपंचे ठोकून ८५. पंचवीस गुणांचा फरक म्हणजे बरोबर चार टक्के. ‘चार टक्के गणितात वाढवायला किती रगडायला लागतं? विचारा त्या रडणाऱ्या पोरींना.’ रडणाऱ्या पोरी हसल्या.

कन्नडच्या पेपरचीही भीती त्यांनी तशीच काढली. पत्राचा साचा पाठ असू दे: कुणाकडून, कुणाला, दिनांक, विषय, शेवटी सही. मजकूर मोडकातोडका असला तरी साच्याचे गुण कुठं जात नाहीत. आणि गादे, म्हणजे म्हण, आली तर घाबरायचं नाही. ‘कै केसरादरे बायि मोसरु. हात चिखलात घातलास तर तोंडात दही. आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे? रोप लावणीला कोण जातंय तुमच्यातलं?’ अर्ध्या वर्गाचे हात वर गेले असणार. गलका झाला तेवढा इथपर्यंत ऐकू आला.

पूर्वी या भाषणात एक धमकी असायची: आत्ता घसरलास तर वर्ष गेलं. २०२४ पासून एकाच वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होऊ लागल्या; पहिलीत राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत देता येतो, आणि गुण वाढवायलाही बसता येतं, जास्तीचे गुण धरतात. त्यामुळं हेडसरांची पंचाईत झाली आहे. सांगावं तर पोरं सैल पडतात, न सांगावं तर एखादं पोर पहिल्या निकालाच्या दिवशीच हाय खातं. परवा त्यांनी माईकवर नाही सांगितलं. ‘पालकांनी थोडं थांबा, तुमच्याशी बोलायचं आहे’ एवढंच म्हणाले. मला वाटतं, ते यासाठीच असावं. बरोबर केलं.

एक गोष्ट मात्र मी फार थोड्या भाषणांत ऐकली आहे. खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात, नातेवाइकाच्या मुलाच्या सेंडऑफला गेलो होतो तिथं. हेडसर बारीक आवाजाचे, माईक लांब धरलेला. ते म्हणाले, ‘तुमच्यातली जी पोरं सायन्सला जातील, त्यांना फर्स्ट पीयुसीचे पहिले दोन महिने काही कळणार नाही. आजवर त्वरण शिकलासा, तिथं ॲक्सिलरेशन म्हणतील. गोष्ट तीच. पण नाव इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, सर इंग्रजीतनं भराभर बोलणार. तुम्हाला वाटेल आपलं डोकंच चालत नाही. डोकं चालतंय, शब्द नवे हायत. ही सुट्टी मामाच्या गावात घालवा, पण रोज दहा शब्द वहीत लिहा. एका बाजूला आपल्या पुस्तकातला, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पुस्तकं रद्दीत घालू नका, कॉलेजात रात्री उघडून बघायला लागतील. आणि वर्गात विचारा. इंग्रजीत जमत नसलं तर कन्नडात विचारा, मराठीत विचारा. हसतील. दोन महिने हसतील.’

त्या सभागृहात कुणी रडलं नाही, टाळ्याही नीट पडल्या नाहीत. नातेवाइकाच्या मुलानं वही केली. निम्मीच भरली, पण केली. आता तो इंजिनिअरिंगला आहे.

माझी पुतणी त्याच्याच वर्षाची. गणितात त्याच्यापेक्षा दोन गुण जास्त. पीयुसी सायन्सला गेली आणि गौरी-गणपतीच्या आत कॉमर्सला बदलून आली. का बदललंस म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘काका, मला तिथलं काय झेपतच नव्हतं. मी मठ्ठ आहे.’

तिच्या हायस्कुलातलं भाषण मी ऐकलं होतं. चांगलं पाऊण तास झालं होतं, सगळं पाखरांवर.