सत्तेचाळीसपैकी एकच पावती

पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा भुईकाटा ऑगस्ट 2025 पासून आमच्या सॉफ्टवेअरवर आहे. गाडी काट्यावर चढली की वजन आणि वेळ आपोआप नोंदली जाते. मुनीमकाका तरीही वहीत लिहीत. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट वहीशी पावती-पावतीने जुळला, तेव्हा मीच त्यांना म्हणालो होतो, "काका, आता वही बंद करा." त्यांनी केली नाही, हे माझं नशीब.

सप्टेंबरला वहीत 1312 पावत्या, रिपोर्टमध्ये 1266. हमालीचं बिल रिपोर्टवरून निघतं, त्यामुळे मुकादम आधी भडकला.

शंका शेवटच्या दिवसाची होती. पण रिपोर्टमध्ये 30 तारखेची एक पावती होती, म्हणून मी तो विषय सोडला आणि नेटवर्क तपासण्यात दुपार घालवली. काका वहीवर बोट ठेवून म्हणाले, "तीसला सत्तेचाळीस गाड्या आहेत, तुमच्याकडे एकच." फरकही नेमका 46 चाच. रिपोर्टच्या क्वेरीत ही ओळ होती:

```sql
WHERE weighed_at BETWEEN '2025-09-01' AND '2025-09-30'
```

`weighed_at` मध्ये तारीख आणि वेळ दोन्ही असतात. समोर नुसती तारीख आली की डेटाबेस ती रात्रीचे बारा धरतो. म्हणजे मर्यादा 30 तारखेच्या 00:00:00 ला संपली आणि सकाळी पहिली गाडी काट्यावर येण्याआधीच दार बंद झालं. आत राहिलेली ती एक पावती वीज गेल्यावर हाताने भरलेली होती. तिच्यात वेळ नव्हती, म्हणून बरोबर 00:00:00 पडली होती.

आणि ऑगस्ट? 31 ऑगस्ट रविवार होता. लिलाव बंद, काट्याला कुलूप. गळायला काही नव्हतंच.

आमच्या एका सहकाऱ्याने फोनवरच दुरुस्ती सांगितली: शेवटची तारीख एकने पुढे कर. त्याला सगळंच फोनवर सुचतं. करून पाहिलं तर 1313 आल्या. 1 ऑक्टोबरलाही वीज गेली होती, आणि तिथली बिनवेळेची पावती `BETWEEN` ने सप्टेंबरात ओढली, कारण त्यात दोन्ही टोकं धरली जातात. तीच पावती ऑक्टोबरातही मोजली गेली असती. 23:59:59 लिहिलं, तर त्या सेकंदाच्या पोटातल्या नोंदी सुटतात. कॉलमवर `DATE()` लावलं तर उत्तर बरोबर येतं, पण कॉलमवरचा साधा इंडेक्स सहसा वापरला जात नाही.

शेवटी असं लिहिलं:

```sql
WHERE weighed_at >= '2025-09-01'
  AND weighed_at <  '2025-10-01'
```

1312. काकांनी वहीत बरोबरची खूण केली आणि मुकादमाला हाक मारली.

ऑगस्टच्या रिपोर्टवर "तपासले, बरोबर" लिहून घेतलेली त्यांची सही अजून माझ्या फाइलमध्ये आहे. तेव्हा 31 तारखेचा वार मी पाहिलाच नव्हता.