वाढलेला पगार खात्यात येण्याआधी

«दर वर्षी पगार वाढतो, पण शिल्लक तेवढीच राहते. वाढ झाली की तुम्ही नेमकं काय करता? सगळीच बाजूला टाकता का?»

नाही, सगळी टाकत नाही. एकदा टाकून पाहिली होती. चौथ्या महिन्यात बचतीतून पैसे परत काढावे लागले. चूक हिशेबाची होती. महागाईने जुनाच खर्च वाढला होता आणि मी तो वाढलाच नाही असं धरून चाललो होतो.

आता मी वाढीचे तीन भाग करतो आणि पहिला भाग नेहमी महागाईचा असतो. हातात येणारा पगार १०० धरा. त्यातले ९० खर्च होतात, १० शिल्लक राहतात. बढती मिळाली, कर आणि कपाती जाऊन हातात १२० येऊ लागले. कागदावरचा वाढीचा आकडा याहून मोठा असतो. त्याच्यावर बेत आखू नका, कर आणि कपाती वजा करून हातात किती येईल ते आधी काढा. वर्षभरात घरखर्च ५ टक्क्यांनी महागला असेल, तर ९० चे साडेचौऱ्याण्णव होतात. म्हणजे २० मधले साडेचार आधीच गेले. उरलेल्या साडेपंधरातले १० मी बचतीला देतो आणि साडेपाच राहणीमानाला. खर्च १००, बचत २०.

या वाटणीने काय साधतं, हे शिलकीच्या आकड्यावरून कळत नाही. मी वेगळा प्रश्न विचारतो: एका महिन्याचा खर्च जमवायला किती महिने लागतात? वाढीआधी ९ महिने लागत होते. वाटणीनंतर ५ लागतात. आणि वाढ पूर्ण खर्चात गेली, तर खर्च ११०, बचत १०, म्हणजे ११ महिने. पगार वाढूनही माणूस मागे जातो. आधी साठवलेलंही आक्रसतं. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे ५४० ची अडीअडचणीची गंगाजळी तुमच्याकडे असेल, तर खर्च ११० झाल्यावर ती पाच महिनेही पुरत नाही. तिला कोणी हातही लावलेला नसतो. म्हणून वाढीनंतर माझ्या बचतीचा पहिला वाटा ही गंगाजळी नव्या खर्चाच्या मापाने भरून काढण्यात जातो. ठरलेली उद्दिष्टं त्यानंतर. व्याजाचं महाग कर्ज डोक्यावर असेल, तर मात्र आधी ते फेडा.

राहणीमानाच्या साडेपाचांवर माझी एकच अट आहे, ती मी कडकपणे पाळतो: त्यातून दरमहा बांधून घेणारं काही घ्यायचं नाही. माझी पहिली मोठी वाढ कुठे गेली, तर जास्त भाड्याच्या घरात आणि एका हप्त्यात. दोन्ही निर्णय एकाच महिन्यात घेतले, आणि पुढची तीन वर्षं ते माझ्या पगाराच्या आधी उभे राहिले. सहलीवर खर्च केला तर तो एकदाच होतो, नकोसं वाटलं तर पुढच्या वर्षी टाळता येतो. हप्ता टाळता येत नाही. घर मोठं घ्यायचंच असेल, तर तो वेगळा निर्णय म्हणून, वाढीला सहा महिने होऊन गेल्यावर घ्यावा.

वेळेचंही महत्त्व आहे. वाढलेली रक्कम एकदा खर्चाच्या खात्यात रुळली की ती बाजूला काढताना तोटा झाल्यासारखं वाटतं; आधीच वळवली तर काही गेल्यासारखं वाटतच नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी याच आधारावर एक योजना आखली. कर्मचाऱ्यांनी पुढच्या वाढीतला वाटा आजच बचतीला देऊन ठेवायचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, सहभागी झालेल्यांचं बचतीचं प्रमाण ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. मी वाढीचं पत्र मिळाल्याच दिवशी बँकेतली आपोआप वर्ग होणारी रक्कम बदलतो आणि तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवतो. मागच्या महिन्यांचा फरक एकदम आला, तर तो पूर्णच बचतीत जातो, कारण त्या महिन्यांचा खर्च होऊन गेलेला असतो.

ज्यांचा जुना पगार गरजांनाच पुरत नव्हता, त्यांनी आधी ती तूट भरावी. त्यात संकोच नको.

वाटणी बसली की नाही, हे तीन महिन्यांत दिसतं. पगाराच्या आदल्या दिवशी खात्यात किती उरलं आणि क्रेडिट कार्डाची बाकी किती, हे मी एकत्र लिहितो. बचत वाढली पण कार्डाची बाकीही तितकीच वाढली, तर ती बचत उधारीची आहे. अशा वेळी मी वाढीतून बचतीला दिलेल्या १० चे ८ करतो आणि पुढच्या वाढीची वाट पाहतो.